उंदरासाठी करंटचं मशीन घ्यावं, चाप लावावा की पिंजरा?

डोंबिवलीत माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं किराणा दुकान आहे. मागे गोण्या ठेवायची खोली, तिच्यावर पोटमाळा आणि त्याला लागूनच राहतं घर. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं ते पोह्यांची फोडलेली पोती दाखवायला. मी कीटकनियंत्रणाच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे नातेवाईक मला लग्नाला बोलावायचं विसरतात, पण उंदीर झाला की हमखास फोन करतात. या वेळी मात्र मी पोहोचायच्या आधीच त्यांच्या मुलाने ऑनलाइन मागवलेलं बॅटरीवर चालणारं मशीन येऊन पडलं होतं. किंमत २,४०० रुपये. मुलाचं म्हणणं, "आता चाप आणि पिंजरा भंगारात टाका." आजींचं म्हणणं वेगळं होतं. गणपतीच्या वाहनाला घरात मारायचं नाही, पिंजऱ्यात धरा आणि लांब सोडून या.

त्या दुकानात पुढच्या दीड महिन्यात तिन्ही प्रकार वापरून झाले, त्यामुळे तुलनेला तेच उदाहरण घेतो. चिकट गोंदाचे पॅड मी मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. ते सगळ्यात स्वस्त असतात आणि सगळ्यात जास्त खपतात, पण त्यांवर उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो. भारतीय पशुकल्याण मंडळानेही ते वापरू नयेत असं राज्यांना कळवलेलं आहे. मी ते कोणाला सुचवत नाही.

आधी ते मशीन आतून कसं चालतं ते पाहू, म्हणजे ते कुठे अडतं हेही कळेल. वरून ते बुटांच्या खोक्याएवढं प्लास्टिकचं बोगद्यासारखं घर असतं. एका बाजूने तोंड उघडं, दुसऱ्या टोकाला आमिष. मधल्या जमिनीवर धातूच्या दोन किंवा तीन पट्ट्या असतात, एकमेकींपासून थोड्या अंतरावर. उंदीर आमिषाकडे जाताना त्याचे पुढचे पाय एका पट्टीवर आणि मागचे दुसरीवर पडतात. त्याच्या अंगातून मंडल पूर्ण होतं आणि मशीनला कळतं की कोणीतरी आत आलं. मग आतलं सर्किट चार पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टचं काही हजार व्होल्टमध्ये रूपांतर करतं आणि त्याचे झटके देतं, तेही एकदाच नाही तर मिनिट-दोन मिनिटं. हृदय बंद पडून उंदीर मरतो आणि बाहेरचा हिरवा दिवा लुकलुकू लागतो.

हजारो व्होल्ट ऐकून लोक घाबरतात. व्होल्ट जास्त असले तरी सेलमधून येणारी ऊर्जा थोडीच असते. ती दीड-दोनशे ग्रॅमच्या प्राण्याला पुरते, माणसाला सणसणीत झटका बसेल एवढंच. शिवाय झाकण उघडलं की वीज तोडणारी कळ बऱ्याच मशीनमध्ये असते. हे सांगण्याचं कारण असं की काही जण यावरून प्रेरणा घेऊन घरच्या २३० व्होल्टच्या लाइनची उघडी तार उंदरांच्या वाटेवर सोडतात. त्या तारेमागे अख्खं वीज मंडळ उभं असतं. शेतात आणि घरात अशा तारांनी माणसं मेली आहेत. दिसायला कल्पना एकच वाटली तरी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

दुकानात मशीन पहिल्या आठवड्यात छान चाललं. चौथ्या रात्री एक, सहाव्या रात्री एक. मुलगा खूश. मग आठ रात्री काहीच नाही. आमिष मात्र दोनदा कुरतडलेलं होतं, म्हणजे उंदीर आत जाऊन खाऊन सुखरूप बाहेर आला होता. मी झाकण उघडून पाहिलं तर पट्ट्यांवर बेसनाचा पातळ थर. गोण्यांच्या खोलीत पिठाची धूळ सतत उडते आणि ती सगळीकडे बसते. कोरडं पीठ वीज नेत नाही, त्यामुळे पाय पट्टीला लागूनही मंडल पुरं होत नव्हतं. त्यात आतल्या कोपऱ्यात एक मेलेलं झुरळ. झुरळ दोन पट्ट्यांवर आडवं पडलं की मशीनला तोही उंदीरच वाटतो. ते झटके देत बसतं आणि सेल रिकामे करतं. लाल दिवा लागलेलाच होता, पण तो भिंतीकडे तोंड करून.

मशीन बिघडलं म्हणून परत पाठवणाऱ्या बहुतेकांची गोष्ट अशीच असते. आणि यात अर्धवट निकामी होणं हे पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट. सेल उतरलेले असले की उंदराला झटका बसतो, पण तो मरत नाही, उडी मारून पळतो. असा उंदीर पुन्हा त्या खोक्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही. म्हणून सेल साधे नकोत, अल्कलाइनच हवेत. साध्या स्वस्त सेलला एका दमात तेवढा प्रवाह देणं झेपत नाही. पट्ट्या आठवड्यातून एकदा पुसायच्या. आधी बटण बंद करायचं, सेल काढायचे, मग जुन्या टूथब्रशने धूळ झाडून किंचित ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. नळाखाली धरायचं नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात उघड्या गॅलरीत किंवा मोरीजवळ ठेवायचं तर नाहीच, कारण दमटपणाने पट्ट्यांमध्ये गळती होते आणि मशीन उंदीर नसताना चालू होतं. काही नव्या मशीनमध्ये पट्ट्यांऐवजी अदृश्य किरणांचा सेन्सर उंदीर पुरता आत आल्याचं ओळखतो. त्यांत झुरळांचा त्रास कमी, किंमत जास्त.

पट्ट्या पुसून, सेल बदलून पुढच्या सात रात्रींत आणखी दोन उंदीर मिळाले. एकूण एकवीस रात्री, चार उंदीर.

तोवर पोटमाळ्यावरची खुडबुड काही थांबली नव्हती. मी मुलाला म्हटलं, आता चाप लावू. चाप म्हणजे फळीवर किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर ताणलेली स्प्रिंग, आमिषाच्या जिभेला धक्का लागला की दांडी खटकन खाली. यात खरेदी करताना पहिली चूक होते ती मापाची. बाजारात जो सगळ्यात सहज मिळतो तो छोटा चाप लहान घरउंदरासाठी असतो. घरउंदीर पंधरा-वीस ग्रॅमचा, पोटमाळ्यावरचा काळा उंदीर त्याच्या आठ-दहापट. छोट्या चापात तो अडकून जखमी होतो आणि चाप ओढत कपाटामागे जाऊन मरतो. मग वास शोधत बसा. लेंड्या बघितल्या की माप कळतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर घरउंदीर, सेंटिमीटरहून मोठ्या आणि टोकदार असतील तर काळा उंदीर, मोठ्या आणि बोथट असतील तर गटारातला तपकिरी. घूस असेल तर मशीन आणि चाप दोन्ही विसरा. ती मशीनच्या तोंडात मावत नाही, चाप घेऊन पळते, तिच्यासाठी भक्कम मोठा पिंजराच लागतो.

मोठे प्लास्टिकचे बारा चाप आणले, १२० रुपयांना एक, म्हणजे १,४४० रुपये. लाकडी फळीचे याहून स्वस्त मिळतात, पण पावसाळ्यात लाकूड फुगतं, जीभ अडकते आणि स्प्रिंग गंजते. मुलाला वाटलं आज लावू, उद्या सकाळी मोजू. मी तीन रात्री चाप ताणूच दिले नाहीत. काळा आणि तपकिरी उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. काल नव्हतं ते आज दिसलं की तो काही दिवस वळसा घालून जातो. म्हणून आधी तीन-चार रात्री न ताणलेल्या चापांवर आमिष ठेवायचं आणि त्याला फुकट खाऊ द्यायचं. मशीनच्या बाबतीतही हेच, पहिल्या तीन रात्री ते बंद ठेवूनच आमिष घालावं. घरउंदीर उलट चौकस असतो, नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो, त्याच्यासाठी एवढं थांबायची गरज नाही.

आमिषाबद्दल लोक भजी, टोमॅटो, चीज असं काय काय सांगतात. किराणा दुकानात धान्याचा डोंगर असताना उंदीर तुमच्या भाकरीच्या तुकड्यासाठी का येईल? तिथे त्याला जे सहज मिळत नाही ते द्यावं. आम्ही सुक्या बोंबलाचा तुकडा दोऱ्याने जिभेला बांधला, वाटाण्याएवढाच. (आजींनी दोन दिवस पोटमाळ्याच्या दिशेने पाहिलं नाही.) बांधायचं अशासाठी की नुसतं ठेवलेलं आमिष काळा उंदीर अलगद उचलून नेतो. चाप भिंतीला काटकोनात, जीभ भिंतीकडे, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेने धावतो. खोलीच्या मध्यावरचा चाप म्हणजे शोभेची वस्तू. आणि पोटमाळ्यावरच्या उंदरासाठी चाप तुळईवर, जमिनीवर नाही.

चौथ्या रात्री ताणले. त्या एका रात्रीत पाच, पुढच्या रात्री तीन, मग एक, मग शून्य. चार रात्रींत नऊ.

चार आणि नऊ पाहून चाप मशीनपेक्षा दुपटीने चांगला असं वाटेल. पण हिशेब वेगळा करायला हवा. उंदीर पकडणारे लोक एक सापळा एका रात्रीसाठी लावला की त्याला एक सापळा-रात्र धरतात. मशीन एकच होतं, एकवीस रात्री, म्हणून एकवीस सापळा-रात्री आणि चार उंदीर. चाप बारा, ताणलेले चार रात्री, म्हणजे अठ्ठेचाळीस सापळा-रात्री आणि नऊ उंदीर. दोन्हीकडे साधारण पाच सापळा-रात्रींना एक उंदीर पडतो. म्हणजे एकेक सापळा म्हणून दोघांत फार फरक नव्हता, पिठाचा घोटाळा धरूनसुद्धा. एका दुकानाच्या आकड्यांवरून कायदा बनवायचा नाही, पण मला इतर ठिकाणीही अनुभव असाच आहे. फरक पडला तो संख्येचा. एका उंदरानंतर मशीन सकाळपर्यंत भरलेलं असतं, दुसरा आला तरी काही करू शकत नाही. बारा चाप बारा ठिकाणी जागे असतात.

संख्या इतकी महत्त्वाची का, तर उंदरांच्या वेगामुळे. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-सात पिल्लं, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. दर पाच-सहा दिवसांनी एक उंदीर काढत बसलात तर तुम्ही फक्त वाढ कमी करता, उंदीर कमी करत नाही. वस्ती झाली असेल तर थोड्या रात्रींत खूप काढावे लागतात. मशीनने ते करायचं तर बारा मशीन घ्यावी लागतील, म्हणजे जवळपास २९,००० रुपये आणि अठ्ठेचाळीस सेल. ते कोणीही करणार नाही.

मग मशीन कशासाठी घ्यायचं? सकाळसाठी. हे मी मनापासून म्हणतो, कारण माझ्या धंद्यात जेवढी गिऱ्हाइकं चापांना नाही म्हणतात, त्यांतली बहुतेक पैशासाठी नाही तर मेलेला उंदीर काढायच्या किळसेने म्हणतात. ज्या सकाळी पाच चाप भरले होते, त्या सकाळी त्या मुलाने दोनांनंतर हात वर केले. एकाचं डोकं चेपलं होतं, चापावर रक्त होतं, आणि एक मानेऐवजी कमरेत सापडला होता व अजून श्वास घेत होता. चाप नीट बसला तर मरण क्षणात येतं, पण तो दर वेळी नीट बसतोच असं नाही. मशीनमध्ये यातलं काही नसतं. दिवा लुकलुकतो, तुम्ही पिशवी तोंडाला लावून खोकं उलटं करता आणि उंदीर पिशवीत पडतो. न बघता, न शिवता. जाहिरातीतला हा दावा खरा आहे.

पण त्यात एक मेख आहे. मरताना उंदीर लघवी करतो आणि ती पट्ट्यांवर पडते. पिंजरा आणि प्लास्टिकचा चाप तुम्ही ब्लीचच्या पाण्यात बुडवून घासू शकता, मशीन नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या लघवीतूनच येतात, ओल्या जागी दिवसचे दिवस टिकतात आणि वाळल्यावर मरतात. म्हणून मशीन रिकामं केल्यावर सेल काढून, हातमोजे घालून, जंतुनाशकात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसायचं आणि उन्हात किंवा पंख्याखाली खडखडीत वाळवायचं. पट्ट्यांवर मळ राहिला तर रोगाचीही भीती आणि पुढचा झटकाही अर्धवट.

मेलेला उंदीर कोणत्याही सापळ्यातला असो, पद्धत एकच. रबरी हातमोजे. धुण्याचं ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, हे उंदरावर आणि आजूबाजूला शिंपडून पाच मिनिटं थांबायचं. मग पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, घट्ट गाठ. लेंड्या कोरड्या झाडूने झाडायच्या नाहीत, ओल्या करून पुसायच्या. हे रोज सकाळी करायचं, दोन दिवसांनी नाही. एक कारण वास, मे महिन्यात तो दुसऱ्याच दिवशी सुटतो. दुसरं कारण पिसवा. उंदराचं अंग थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधायला निघतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घरात उंदीर पडला की लोक घर सोडायचे, त्यामागे हेच होतं, जरी तेव्हा ते नीट कळलेलं नव्हतं. पिशवी सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकू नये, कारण तिथून खत होतं. सफाई कामगाराला आत काय आहे ते सांगून वेगळी द्यावी. स्वतःची जागा असेल तर पिशवीशिवाय दोन फूट खोल, विहिरीपासून लांब पुरावं. रस्त्यावर फेकायची आपली जुनी सवय सगळ्यात वाईट, कावळे तो उचलून दुसऱ्याच्या टाकीवर नेऊन ठेवतात.

आता आजींचा पिंजरा. तारेचा, खाली पडणाऱ्या दाराचा, ३५० रुपये. खर्चाला स्वस्त, वर्षानुवर्षं टिकतो, सेल नाहीत, धुता येतो. चुकीचा प्राणी सापडला तर सोडता येतो, आणि हा फायदा लहान नाही. आमच्या पिंजऱ्यात पहिल्या रात्री चिचुंद्री सापडली. लांब नाक, बारीक डोळे, उग्र वास. ती उंदीर नाही, झुरळं-किडे खाणारी आहे, ती सोडून दिली. मशीनला किंवा चापाला हा फरक कळला नसता. मांजराचं पिल्लू, खार असलेल्या घरात मी म्हणूनच पिंजरा आधी सुचवतो.

पिंजऱ्याची अडचण उंदीर सापडल्यानंतर सुरू होते. खर्च आणि खात्री यांत तो बरा, विल्हेवाटीत तिघांत सगळ्यात कठीण. आत जिवंत, घाबरलेला, चावायला तयार प्राणी, आणि त्याची लघवी पिंजऱ्यातून टपकते आहे. पिंजऱ्यावर जुनं फडकं टाकलं की तो शांत होतो, पण पुढे काय? बऱ्याच घरांत पिंजरा सरळ बादलीत बुडवतात. बुडून मरायला उंदराला काही मिनिटं लागतात, तो शेवटपर्यंत धडपडतो, आणि पशुवैद्यकात ही पद्धत मान्य नाही. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूंत उंदराच्या शेपटीला दगड-वीट बांधून नाल्यात बुडवल्याबद्दल एका माणसावर पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला होता. लोक त्या बातमीवर हसले, पण प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा १९६० पासून आहे.

आजींना हवं तसं सोडून यायचं, तर पाचशे पावलांवर सोडलेला उंदीर रात्रीत परत येतो. दोन-तीन किलोमीटरवर सोडला तर येत नाही, पण अनोळखी जागी बीळ नाही, अन्नाची वाट माहीत नाही, तिथले उंदीर हुसकून लावतात. बहुतेक जण जगत नाहीत, आणि जो जगतो तो दुसऱ्या कोणाच्या तरी पोह्यांत तोंड घालतो. मी हे आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तो त्याच्या नशिबाने मरेल, माझ्या हाताने नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी एवढंच मागितलं की पिंजरा रोज सकाळ-संध्याकाळ बघायचा, कारण भरलेला पिंजरा माळ्यावर विसरला तर उंदीर तहानेने मरतो, आणि ते चाप किंवा मशीनपेक्षा कितीतरी क्रूर आहे.

शेवटी त्यांच्या घरात तिन्ही राहिले, पण जागा बदलल्या. बारा चाप गोण्यांच्या खोलीत, तेही फक्त पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर, दोन-दोन आठवडे. पिंजरा आजींच्या खोलीच्या बाहेर. मशीन पीठ नसलेल्या स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कोरड्या कोपऱ्यात, दिवा बाहेरच्या बाजूला. तिथे दोनेक महिन्यांत चुकून एखादा उंदीर येतो, आणि तशा जागी मशीनची किंमत वसूल होते. तीन वर्षं टिकलं तर अठरा उंदरांमागे, मधले सेल धरून, एका उंदराला दीडशे-पावणेदोनशे रुपये पडतील. किळस वाचते म्हणून ते द्यायला घरच्या सुनेची हरकत नाही. मशीन कायमचं बंद पडलं की मात्र ते आणि सेल कचऱ्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचं. वापर नसेल तेव्हा सेल आतून काढून ठेवायचे, नाहीतर ते पाझरून आतले पत्रे खातात. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा सेल मशीनच्या वर रबरबँडने बांधून ठेवलेले होते आणि पोटमाळ्याच्या भिंतीतलं बोटभर रुंद भोक, जिथून सगळे येत होते, ते जाळी भरून सिमेंटने लिंपलेलं होतं.